एकट्याची मालकी, पार्टनरशिप की प्रायव्हेट लिमिटेड? छोटा धंदा काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत छोट्या धंद्यांची अकाउंट्सची आणि टॅक्सची कामं करतो. नवीन धंदा काढणारे लोक भेटायला आले की पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो की टॅक्स कशात कमी बसेल, आणि मी त्यांना आधी वेगळंच विचारतो, की उद्या धंदा बसला तर तुम्ही कोणाकोणाचे पैसे देणं लागाल ते सांगा. नेमक्या ह्याच गोष्टीवर लोक अडकलेले मी बघितलेत, म्हणून खालचे प्रश्न त्याच अंगाने घेतलेत.

सगळीकडे एकच उदाहरण धरतो म्हणजे सोपं जाईल. एक ताई आणि तिचा मावसभाऊ मिळून इडली-डोशाचं पीठ बनवून हॉटेलांना पुरवायचा धंदा काढतायत. ताई शाळेत नोकरीला आहे, तिच्या नावावर फ्लॅट आहे. भाऊ दिवसभर गाळ्यावर थांबणार, त्याच्या नावावर एक बाईक सोडली तर काही नाही. दोघांनी प्रत्येकी २ लाख घातले आणि ग्राइंडर, डीप फ्रीझरसाठी बँकेकडून ५ लाखाचं कर्ज घेतलं.

माझ्याकडे गुमास्ता आहे, उद्यम आहे, जीएसटी नंबर पण आहे. म्हणजे माझी कंपनी झाली ना?

नाही झाली. आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. गुमास्ता म्हणजे दुकान चालू असल्याची नोंद, उद्यम म्हणजे तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहात ह्याची नोंद, जीएसटी म्हणजे टॅक्सची नोंद. ह्यातलं काहीही घेतलं तरी तुमच्यापासून वेगळी अशी कोणी 'व्यक्ती' जन्माला येत नाही. बोर्डावर 'एंटरप्रायझेस' लिहा, 'इंडस्ट्रीज' लिहा, मालक एकटा असेल तर कायद्याच्या दृष्टीने ते तुमचंच टोपणनाव आहे, पॅन तुमचाच, देणं पण तुमचंच. कंपनी म्हणजे कंपनी कायदा २०१३ खाली रजिस्टर झालेली, स्वतःचा पॅन आणि सीआयएन म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक असलेली संस्था. सीआयएन नसेल तर तुम्ही बहुतेक वेळा एक तर एकटे मालक आहात नाहीतर पार्टनर आहात, शेवटी येणारी एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची पार्टनरशिप तेवढी वेगळी.

अजून एक. दोघांनी मिळून धंदा चालवला, नफा वाटून घेतला आणि कागद काहीच केला नाही तरी पार्टनरशिप होऊ शकते. १९३२ च्या भागीदारी कायद्यात लेखी करार हवाच असं नाही. "आमचं काही लिहिलेलं नाही म्हणजे मी अडकत नाही" असं म्हणणारे इथेच फसतात.

एकट्याच्या नावावर धंदा असेल तर बुडाल्यावर नेमकं काय जातं? राहतं घर जातं का?

जाऊ शकतं. धंद्याचं देणं आणि घरचं देणं असा फरकच नसतो, म्हणून धान्याच्या व्यापाऱ्याने तुमच्यावर दावा जिंकला आणि वसुलीची दरखास्त लावली तर तो तुमच्या नावावरचा फ्लॅट, प्लॉट, बँकेतले पैसे, गाडी ह्या सगळ्यावर जप्ती मागू शकतो, धंद्यासाठी वापरत असाल किंवा नसाल.

पण सगळंच जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्त करता न येणाऱ्या गोष्टींची यादी आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखा धर्माप्रमाणे बाईने उतरवायचा नसतो असा दागिना, कारागिराची हत्यारं, पीपीएफमधले पैसे, तुमच्या स्वतःच्या आयुर्विम्याचे पैसे. पगाराचा पण काही भाग वाचतो. शेतकऱ्याचं राहतं घर वाचतं, पण शहरातल्या नोकरदाराचा फ्लॅट त्या यादीत नाही, ते लक्षात ठेवा. आणि हे संरक्षण नुसत्या उधारीच्या वसुलीपुरतं आहे, तुम्ही स्वतःहून फ्लॅट बँकेकडे तारण ठेवला असेल तर मग यादीकडे बोट दाखवता येत नाही.

धंदा नवऱ्याच्या नावावर आहे. त्याचं देणं बायकोकडून वसूल करतात का?

फक्त बायको आहे म्हणून नाही. तिच्या स्वतःच्या नावावरचं, स्वतःच्या पैशातलं जे आहे ते तिचं. पण प्रत्यक्षात होतं काय की कर्ज घेताना बँक म्हणते मॅडमची पण सही लागेल, आणि ती सही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून होते. त्या क्षणी ती पूर्ण रकमेला बांधली गेली. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर नवऱ्याच्या हिश्श्यावर जप्ती येऊ शकते, आणि अर्धा फ्लॅट जप्त होणं म्हणजे घरात काय होतं ते सांगायला नको.

मालक वारला तर? वारसांना मिळालेल्या मालमत्तेएवढंच देणं त्यांच्याकडून वसूल होतं, त्यांच्या स्वतःच्या कमाईतून नाही. अर्थात त्यांनी स्वतः कुठे सही केली नसेल तर.

पार्टनरशिपमध्ये माझा हिस्सा अर्धा आहे. म्हणजे देणं पण अर्धंच ना?

आपसात अर्धं. बाहेरच्यासाठी पूर्ण. हे एक वाक्य पार्टनरशिप करणाऱ्या प्रत्येकाने सहीच्या आधी दोनदा वाचावं असं मला मनापासून वाटतं.

भागीदारी कायद्याचं कलम २५ सांगतं की तुम्ही पार्टनर असताना पेढीने जे केलं त्याला प्रत्येक पार्टनर इतरांसोबत मिळून पण जबाबदार आणि एकटा पण जबाबदार. म्हणजे व्यापाऱ्याला २ लाख ८० हजार यायचे असतील तर तो सगळेच्या सगळे ताईकडून मागू शकतो. तो कोणाकडे जाईल? अर्थातच जिच्याकडे नोकरी आणि फ्लॅट आहे तिच्याकडे, बाईकवाल्याच्या मागे तो कशाला लागेल. ताईने पूर्ण भरल्यावर तिला भावाकडून त्याचा अर्धा हिस्सा मागायचा हक्क आहे, पण ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडून हक्काने तरी काय मिळणार.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं आहे की पार्टनरशिपमधली जोखीम हिश्श्याच्या टक्क्यावर ठरत नाही, दोघांच्या घरच्या परिस्थितीत किती फरक आहे त्यावर ठरते. दोघं सारख्या परिस्थितीचे असतील तर ती साधारण सारखी विभागली जाते. एक नोकरदार-घरवाला आणि दुसरा मोकळा असेल तर जवळपास सगळी पहिल्याच्या डोक्यावर येते, मग त्याचा हिस्सा १० टक्के का असेना.

पार्टनरने मला न विचारता उधारीवर माल उचलला तर?

तरी पेढी बांधली जाते, आणि पेढी म्हणजे तुम्ही. प्रत्येक पार्टनर पेढीचा एजंट असतो, त्यामुळे धंद्याला नेहमी लागतं तसं काम त्याने पेढीच्या नावाने केलं की ते सगळ्यांवर येतं. भावाने मार्केट यार्डातून चाळीस पोती तांदूळ आणि उडीद डाळ उधारीवर उचलली, पीठाच्या धंद्याला तांदूळ-उडीद लागतोच, म्हणजे ते नेहमीचंच काम झालं. त्याने पेढीच्या नावावर स्वतःसाठी सोनं उधार आणलं तर मात्र तुम्ही भांडू शकता, कारण पीठवाल्याला सोनं लागत नाही.

लोक करारात लिहितात की २५ हजारांच्या वरच्या उधारीला दोघांची सही हवी. चांगलं आहे, लिहाच, पण ती अट व्यापाऱ्याला माहीत नसेल तर त्याच्यावर बंधनकारक नाही. म्हणून ज्यांच्याकडून नेहमी माल घेणार त्या चार-पाच जणांना साधं पत्र द्या, व्हॉट्सअॅपवर पण पाठवा आणि त्याचा स्क्रीनशॉट जपा, की अमुक रकमेच्या वरची ऑर्डर दोघांच्या सहीशिवाय पेढीवर येणार नाही. बँकेत खातं उघडताना दोघांच्या एकत्र सहीने चालवायचं सांगा. थोडं गैरसोयीचं होतं, भाऊ सकाळी सकाळी फोन करणार ताई सही हवीय म्हणून, पण मी तरी हेच सांगतो.

स्लीपिंग पार्टनर असेल तर वाचतो का? मी फक्त पैसे घातलेत, काम काहीच बघत नाही.

नाही वाचत. काम न बघणारा पार्टनर पण पार्टनरच. तुम्हाला खरंच फक्त पैसेच घालायचे असतील तर पार्टनर होऊ नका, लेखी कराराने व्याजावर कर्ज द्या, मग जास्तीत जास्त तेवढे पैसे बुडतील, घर मध्ये येत नाही. फक्त एक सांभाळा, कर्ज म्हणायचं आणि पार्टनरसारखं वागायचं, लोकांना पार्टनर म्हणून ओळख द्यायची, कार्डावर नाव छापायचं, असं केलंत तर तुमच्या त्या ओळखीवर विसंबून ज्याने उधार दिलं तो तुम्हाला पार्टनर म्हणून धरू शकतो.

पार्टनरशिप रजिस्टर केली की जबाबदारी मर्यादित होते का?

होत नाही, काडीचा फरक पडत नाही. रजिस्ट्रेशनचा उपयोग उलट्या बाजूने आहे, म्हणजे तुम्हाला दुसऱ्याकडून पैसे वसूल करायला. रजिस्टर नसलेली पेढी करारावरून बाहेरच्या माणसावर दिवाणी दावा लावू शकत नाही (कलम ६९). त्याला मात्र तुमच्यावर दावा लावता येतो! हॉटेलवाल्याने दीड लाखाचं पीठ घेऊन पैसे दिले नाहीत तर तुम्ही हात चोळत बसणार.

"मग दावा लावायची वेळ आली की करू रजिस्टर" असं म्हणतात, तर दावा दाखल करायच्या दिवशी पेढी रजिस्टर हवी आणि दावा लावणाऱ्यांची पार्टनर म्हणून नावं रजिस्टरमध्ये हवीत. दावा आधी आणि रजिस्ट्रेशन मागाहून असं चालत नाही. तो दावा मग काढून घ्यायचा, पेढी रजिस्टर करायची, नवीन लावायचा, आणि तोवर तीन वर्षांची मुदत संपली तर विषय संपला. सुरुवातीलाच करून टाका.

पार्टनरशिपमधून बाहेर पडलो, रिटायरमेंट डीड पण केलं. आता मी सुटलो का?

अर्धवट. आधीचं जे देणं आहे ते तुमच्या अंगावर राहतंच, ज्याचं देणं आहे त्याने लेखी सोडल्याशिवाय. आणि नंतरचं पण येऊ शकतं, कारण पब्लिक नोटीस दिली जाईपर्यंत जे लोक तुम्हाला पार्टनर समजून व्यवहार करतात त्यांच्यासाठी तुम्ही पार्टनरच आहात. रजिस्टर पेढी असेल तर ही नोटीस म्हणजे फर्मच्या रजिस्ट्रारला कळवणं, सरकारी राजपत्रात आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरमध्ये छापणं. आपल्याकडे पेपरात छोटी जाहिरात देऊन लोक मोकळे होतात आणि बाकीचं राहून जातं.

जीएसटीचं वेगळं आहे. तिथे पार्टनर निघाला की एका महिन्याच्या आत खात्याला कळवायचं असतं, नाही कळवलं तर कळवल्याच्या तारखेपर्यंतच्या टॅक्सची जबाबदारी त्याच्यावर राहते. मी एक केस जवळून बघितलीय, काका चार वर्षांपूर्वी निघाले होते, डीड फाइलला व्यवस्थित लावलेलं, आणि पोर्टलवर नाव तसंच. नोटीस त्यांच्या घरी आली तेव्हा त्यांना पेढी आता कुठे आहे ते पण माहीत नव्हतं. निघताना बँकेला पण पत्र द्या आणि तुमची जामीनकी सोडली असं बँकेकडून लेखी घ्या, बँक ते सहज देत नाही, पण मागितल्याशिवाय तर नाहीच मिळणार.

प्रायव्हेट लिमिटेड केली असती तर नेमकं किती वाचलं असतं? आकड्यात सांगा.

ठीक आहे, ताई आणि भावाचा धंदा दोन वर्षांनी बंद पडला असं धरू. देणी अशी: बँकेचं ४ लाख १० हजार शिल्लक, धान्याच्या व्यापाऱ्याचे ३ लाख ५० हजार, गाळ्याचं थकलेलं भाडं ६० हजार. एकूण ८ लाख २० हजार. हातात काय आहे? मशिनरी विकून २ लाख २० हजार आले, हॉटेलांकडून वसूल झाले ९० हजार, खात्यात ३० हजार. एकूण ३ लाख ४० हजार. खड्डा ४ लाख ८० हजारांचा.

मशिनरी बँकेकडे गहाण होती, तिचे पैसे आधी बँकेला, म्हणजे बँकेचे राहिले १ लाख ९० हजार. उरलेल्या १ लाख २० हजारात आता तिघांची मिळून ६ लाखांची देणी आहेत. समजा प्रत्येकाला रुपयाला वीस पैसे मिळाले, तर शेवटी बँकेचे १ लाख ५२ हजार, व्यापाऱ्याचे २ लाख ८० हजार आणि गाळेवाल्याचे ४८ हजार बुडीत राहिले.

धंदा एकट्या ताईच्या नावावर असेल आणि भाऊ पगारावर, तर ४ लाख ८० हजार पूर्ण ताईचे. पार्टनरशिप असेल तर आपसात दोन लाख चाळीस - दोन लाख चाळीस, पण वर सांगितलं तसं प्रत्यक्षात सगळे ताईकडेच मागायला येणार. कंपनी असेल तर व्यापारी आणि गाळेवाला कंपनीकडे मागू शकतात, कंपनीत काही उरलेलं नाही, तर त्यांचे मिळून ३ लाख २८ हजार ताईच्या किंवा भावाच्या घरापर्यंत येत नाहीत. बँकेचे १ लाख ५२ हजार मात्र येतात, कारण बँकेने दोघांची पर्सनल गॅरंटी घेतलेली असते. आणि घातलेले प्रत्येकी २ लाख तर तिन्ही प्रकारात गेलेच.

म्हणजे कंपनीने वाचवलं ते उधारीचं आणि भाड्याचं, बँकेचं नाही. ह्या एका गोष्टीवर सगळा निर्णय फिरतो. तुमचं देणं मुख्यतः बँकेचंच असणार असेल तर कंपनीने संरक्षण फार मिळत नाही. उधारीचा माल, मोठं भाडं, ग्राहकांचे ॲडव्हान्स, भरपाईचे दावे अशी देणी असतील तर खूप मिळतं.

पर्सनल गॅरंटी न देता कंपनीला कर्ज मिळत नाही का?

नवीन छोट्या कंपनीला क्वचितच. सीजीटीएमएसई ह्या सरकारी कर्ज-हमी योजनेतलं कर्ज विनातारण असतं, पण तिथे तारण नाही म्हणजे घर-जमीन गहाण नाही, डायरेक्टरची वैयक्तिक हमी बँक घेतेच. हमी म्हणजे काय तर जामीनदार मूळ कर्जदाराएवढाच जबाबदार, बँकेने आधी कंपनीच्या मागे लागलंच पाहिजे असं काही नाही.

मोठे होलसेलवाले पण हल्ली हुशार झालेत, कंपनीला माल देताना डायरेक्टरचा स्वतःच्या खात्याचा चेक ठेवून घेतात किंवा हमीपत्रावर सही घेतात. गाळेवाला पण भाडेकरारात 'जामीनदार' म्हणून डायरेक्टरला घालतो. अशा तीन-चार सह्या केल्यात की कंपनी कागदावर राहिली आणि तुम्ही परत उघडे पडलात. म्हणून मी सांगतो की कुठे कुठे वैयक्तिक सही केलीय त्याची एक वही ठेवा, तारीख आणि रक्कम टाकून.

कंपनीच्या डायरेक्टरला स्वतःच्या खिशातून अजून कधी भरावं लागतं?

चेक परत गेला तर. चेकवर सही करणारा आणि त्यावेळी धंदा बघणारा डायरेक्टर ह्यांच्यावर कलम १३८ खाली फौजदारी केस होते, दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. बँकेचा मेमो आल्यावर समोरचा ३० दिवसांत नोटीस पाठवतो आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस तुम्हाला पैसे द्यायला मिळतात. ते १५ दिवस वाया घालवू नका. खात्यात पैसे नाहीत हे माहीत असताना 'फक्त विश्वासासाठी' म्हणून तारीख न घातलेले सही केलेले चेक देऊन ठेवायची आपल्याकडे जी पद्धत आहे, त्यातच सगळ्यात जास्त डायरेक्टर अडकतात.

मग टॅक्स. प्रायव्हेट कंपनीचा जीएसटी कंपनीकडून वसूल झाला नाही तर तो त्या काळातल्या डायरेक्टरांवर येतो, आपला घोर निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन नव्हतं हे त्यांनीच सिद्ध करायचं. इन्कम टॅक्सला पण साधारण असंच आहे. म्हणून पैसे कमी पडले तर व्यापाऱ्याचे थांबवून आधी टॅक्स भरा असं मी सांगतो, ऐकायला वाईट वाटतं पण जबाबदारीचा हिशोब तसाच आहे.

आणि स्वतःची चूक. पीठ खाऊन कोणाला विषबाधा झाली तर कंपनीवर दावा होईल, पण भावानेच खराब झालेलं पीठ माहीत असून पाठवलं असेल तर तो कंपनीच्या पडद्यामागे लपू शकत नाही, अन्नसुरक्षा कायद्यात धंद्याला जबाबदार असलेल्या माणसावर पण कारवाई होते. खाण्याच्या धंद्यात कुठलाही प्रकार निवडलात तरी प्रॉडक्ट लायबिलिटीचा विमा घ्या. एकट्याच्या मालकीत राहणाऱ्यांना तर मी आधी हाच सांगतो.

शेवटचं म्हणजे लबाडी आणि सरमिसळ. कंपनीच्या खात्यातून मुलाची फी, घरचा किराणा, कंपनीकडून डायरेक्टरने उचल घेणं, हे चालत नाही. असं खातं कोर्टासमोर आलं की समोरचा वकील म्हणणार ही कंपनी नव्हतीच, हा माणूसच होता.

कंपनी रजिस्टर व्हायला वेळ होता म्हणून गाळ्याचा करार माझ्या नावावर केला. नंतर बदलेल ना?

आपोआप बदलत नाही. कंपनी जन्मायच्या आधी तुम्ही जो करार स्वतःच्या सहीने केला तो तुमचाच. कंपनी झाल्यावर गाळेवाल्याबरोबर कंपनीच्या नावाने नवीन करार करा आणि जुना रद्द केल्याचं त्याच्याकडून लेखी घ्या. मशीनची ऑर्डर, ॲडव्हान्स, वीज मीटर, सगळ्याला हेच.

सही करताना पण एक सवय लावा. कंपनीचं पूर्ण नाव, खाली सही, त्याखाली 'डायरेक्टर'. बिलावर, लेटरहेडवर कंपनीचं नाव, पत्ता आणि सीआयएन छापणं तर कायद्यानेच सक्तीचं आहे. नुसतं भावाचं नाव आणि मोबाईल नंबर असलेलं बिलबुक फिरत राहिलं तर व्यापारी म्हणेल मी ह्या माणसाला ओळखतो, कंपनी-बिंपनी मला माहीत नाही.

कंपनीचा खर्च आणि कटकट किती?

रजिस्ट्रेशन फार महाग राहिलेलं नाही, १५ लाखांपर्यंत अधिकृत भांडवल असेल तर मंत्रालयाची नोंदणी फी शून्य आहे, स्टॅम्प ड्युटी, डिजिटल सही आणि सीएची फी लागते. किमान भांडवलाची अट पण २०१५ ला गेली. निदान दोन शेअरहोल्डर आणि दोन डायरेक्टर हवेत.

खरा खर्च दरवर्षीचा. एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी ऑडिट करावंच लागतं. पहिला ऑडिटर ३० दिवसांत नेमायचा, भांडवल खात्यात आल्याचं INC-20A १८० दिवसांत भरायचं (त्याशिवाय धंदा सुरू करता येत नाही), दरवर्षी हिशोबाचा AOC-4 आणि वार्षिक विवरणाचा MGT-7A असे फॉर्म भरायचे. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, त्याला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर ७३ हजार झाले! तीन वर्षं सलग नाही भरले तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र. आमच्याकडे छोट्या कंपनीचा ऑडिट, रिटर्न धरून वर्षाला २५-३० हजार तरी जातात, मोठ्या शहरात जास्त. आणि छोट्या धंद्याला जी अंदाजे नफ्यावर टॅक्स भरायची सोय आहे ती एकट्या मालकाला आणि साध्या पार्टनरशिपला मिळते, कंपनीला नाही.

एकटाच आहे मी, तर वन पर्सन कंपनी? आणि एलएलपीचं काय?

ओपीसी चालते, एक मालक, एक नॉमिनी, संरक्षण कंपनीसारखंच, ऑडिट पण तसंच. दोघं असाल, बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा नसेल, तर ताई-भावासारख्यांना मी बहुतेक वेळा एलएलपीच सुचवतो. जबाबदारी मर्यादित आणि एका पार्टनरच्या घोळाला दुसरा वैयक्तिकरीत्या बांधला जात नाही. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपी कायद्याखालच्या ऑडिटची सक्ती पण नाही. बँकेची गॅरंटी, चेक, टॅक्स ह्या गोष्टी मात्र तिथे पण सुटत नाहीत.

मग सुरुवात कशाने करू? आधी एकट्याच्या नावावर करून नंतर कंपनी केली तर चालेल का?

चालतं, आणि बऱ्याच जणांनी तसंच करावं. घरातूनच चालणारा, रोखीने माल घेणारा, कामगार नसलेला धंदा असेल तर वर्षभर एकट्याच्या नावावर चालवा, देणंच होत नाही तर संरक्षण कशापासून घ्यायचं. उधारी एवढी वाढली की ती बुडाली तर पगारातून किंवा बचतीतून सहा महिन्यांत फेडता येणार नाही, किंवा दुसरा माणूस सोबत येतोय, तेव्हा थांबा आणि बदला. ताईच्या जागी मी असतो तर भावाबरोबर साधी पार्टनरशिप केलीच नसती, एक तर भावाला पगार आणि नफ्यावर बोनस दिला असता किंवा पहिल्या दिवसापासून एलएलपी.

पण बदलताना जुनी उधारी कंपनीत जात नाही, हे नीट समजून घ्या. कंपनीचा पॅन वेगळा, त्यामुळे जीएसटी नंबर नवा, फूड लायसन नवं, बँक खातं नवं, आणि जुन्या बिलांचं देणं तुमच्याच नावावर. व्यापाऱ्याकडे जा, जुनं खातं पूर्ण चुकतं करा, त्याच्याकडून 'बाकी निरंक' असं तारखेसह लिहून घ्या, आणि पुढचं पोतं कंपनीच्या नावाच्या बिलावरच उचला. जुन्या खात्यावर एक जरी नवीन बिल चढलं तरी ते बिल तुमचं.